चोवीस लाख पत्रांची साक्ष

इ. स. १९३६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३१ व्या तारखेस न्यूयॉर्क येथील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल, प्रत्यक्ष मतदानाच्या तीन दिवस आधींच, प्रसिद्ध करून टाकला. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार, कॅन्सस संस्थानाचे गव्हर्नर आल्फ्रेड लँडन यांना १२ लाख ९३ हजार मतें आणि विद्यमान अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांना ९ लाख ७२ हजार मतें, असा त्या साप्ताहिकाच्या मतचाचणीचा हिशेब होता. दोघांचींच मतें मोजलीं तर लँडन यांच्या वांट्यास शेंकडा ५७ येत होतीं. ता. ३ नोव्हेंबर रोजीं मतदान झालें. रूझवेल्ट यांस एकंदर मतांपैकीं शेंकडा ६१ च्या जवळजवळ मतें पडलीं. अठ्ठेचाळीस संस्थानांपैकीं मेन व व्हर्मॉंट हीं दोनच लँडन यांच्या हातीं लागलीं. आणि अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधि-मंडळांत ५२३ विरुद्ध ८ असा निकाल लागला.

हें भाकीत एखाद्या ज्योतिषानें किंवा पक्षाभिमानी संपादकानें केलें असतें, तर त्याची आज कोणास आठवणहि राहिली नसती. परंतु ‘डायजेस्ट’चें भाकीत सुमारें २४ लाख मतदारांनीं स्वहस्तें खुणा करून पाठविलेल्या पत्रांवर उभारलेलें होतें. एवढ्या माणसांचें मत त्यापूर्वी कोणत्याहि खासगी संस्थेनें क्वचितच गोळा केलें असेल. पत्रें खरीं होतीं, मोजणी प्रामाणिक होती, आणि आलेले आंकडे कांहींएक फेरफार न करतां जसेच्या तसे छापल्याबद्दल त्या साप्ताहिकाला अभिमानहि वाटत होता. तरीहि चूक झाली, आणि ती थोडीथोडकी नव्हे, शेंकडा वीसच्या घरांत झाली.

‘डायजेस्ट’ची चाचणी ही कांहीं नवी टूम नव्हती. १९१६ पासून हें साप्ताहिक मतकार्डें पाठवून अध्यक्ष कोण होणार हें सांगत आलें होतें, आणि १९३२ पर्यंत एकदांहि त्याचा उमेदवार पडला नव्हता. १९३२ सालीं तर त्यानें दोन कोटि कार्डें पाठविलीं, त्यांपैकीं तीस लाख परत आलीं, आणि रूझवेल्ट यांचा मतांतील वांटा शेंकडा एक-दोनच्या फरकानें बरोबर ठरला. या कामाची यंत्रणाहि पाहण्यासारखी होती. टेलिफोनच्या याद्या, मोटारींच्या नोंदणीचीं पुस्तकें, क्लबांच्या सभासदांच्या याद्या, कांहीं शहरांत मतदारांच्या याद्या, अशा ठिकाणांहून नांवें काढावयाचीं, पाकिटांवर पत्ते लिहावयाचे आणि डाकेनें कार्डें रवाना करावयाचीं. मतकार्डाबरोबर वर्गणीदार होण्याचें निमंत्रणहि जात असे. मुळांत या याद्या साप्ताहिक खपविण्यासाठींच जमविलेल्या होत्या, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्यांच्यापाशीं वर्गणी भरण्याइतका पैसा असण्याचा संभव, त्यांचीं नांवें त्यांत प्रथम येणार हें उघड होतें.

१९३६ सालीं सुमारें एक कोटि कार्डें गेलीं. तीं निघण्यापूर्वींच, त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत, जॉर्ज गॅलप या गृहस्थांनीं एक धाडस केलें. गॅलप यांनीं आदल्याच वर्षीं ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ नांवाची संस्था काढली होती. ‘डायजेस्ट’ची चाचणी लँडन यांना शेंकडा ५६ आणि रूझवेल्ट यांना शेंकडा ४४ मतें देईल, आणि ती खोटी ठरेल, असें त्यांनीं वर्तमानपत्रांतून जाहीर केलें. जी चाचणी अद्याप सुरूहि झाली नाहीं तिचा निकाल कोणी आगाऊ सांगावा, याचा ‘डायजेस्ट’चे संपादक विल्फ्रेड फंक यांस संताप आला आणि तो त्यांनीं उघडपणें बोलूनहि दाखविला. गॅलप यांची युक्ति साधी होती. ‘डायजेस्ट’ ज्या प्रकारच्या याद्या वापरीत असे, त्याच प्रकारच्या याद्यांतून त्यांनीं कांहीं थोडीं नांवें घेतलीं, त्यांना तशींच कार्डें पाठविलीं आणि आलेलीं उत्तरें मोजलीं. कोट्यवधि कार्डांचें जें फळ यावयाचें होतें, तें मूठभर कार्डांनीं शेंकडा एकाच्या फरकानें आधींच सांगितलें. दोन्ही ठिकाणीं पद्धतीचा दोष एकच असल्यानें उत्तरहि एकच आलें. कार्डांची संख्या वाढल्यानें त्यांत कांहींएक सुधारणा झाली नाहीं.

दोष कोणता, याचें प्रचलित उत्तर पुष्कळांच्या परिचयाचें आहे. १९३६ सालीं अमेरिकेंत सुमारें एक तृतीयांश घरांतच टेलिफोन होता. मंदीचा काळ, ज्यांच्या घरीं टेलिफोन आणि दारांत मोटार, ते सुखवस्तु, सुखवस्तु लोकांस रूझवेल्ट यांचीं नवीं आर्थिक धोरणें नकोशीं, म्हणून यादीच लँडन यांच्या बाजूची झाली. १९३२ सालीं हीच यादी कां फसली नाहीं, याचाहि उलगडा यांतून होतो. त्या सालीं मंदीनें गांजलेले श्रीमंत आणि गरीब दोघेहि हूव्हर यांच्यावर सारखेच रुष्ट होते, तेव्हां यादींत गरिबांचीं नांवें कमी असल्यानें निकालांत फारसा फरक पडला नाहीं. पुढील चार वर्षांत मतांची विभागणी उत्पन्नाच्या रेषेवर झाली, आणि जो दोष आजवर झांकून राहिला होता तो उघड्यावर आला. सदोष पद्धति अनेकदां बरोबर उत्तर देते, हीच तिची सर्वांत फसवी बाजू होय.

हें स्पष्टीकरण खोटें नाहीं. पण तें अर्धेंच आहे, आणि ज्या अर्ध्याकडे दुर्लक्ष होतें तेंच अधिक महत्त्वाचें आहे. त्याचा पुरावा खुद्द ‘डायजेस्ट’नेंच आपल्या १४ नोव्हेंबरच्या अंकांत, लाजेनें तोंड लाल झाल्याची कबुली मुखपृष्ठावर देऊन, छापला. शिकागो शहरांत त्यानें टेलिफोनची यादी वापरलीच नव्हती. तेथें मतदारांच्या सरकारी यादींतील दर तिसऱ्या मतदारास कार्ड गेलें होतें. या यादींत मोटारवाला आणि गिरणींतला मजूर असा भेद नव्हता. असें असतां उत्तर पाठविणाऱ्यांत अर्ध्याहून थोडे अधिक लोक लँडन यांचे निघाले, आणि प्रत्यक्ष मतदानांत त्याच शिकागोनें रूझवेल्ट यांना दोनास एक या प्रमाणांत मतें दिलीं. यादी निर्दोष असूनहि निकाल उलटा! ज्यांना कार्डें गेलीं त्यांपैकीं पांचांत सुमारें एकानेंच उत्तर धाडलें होतें. संपादकांनाहि येथें कोडें पडलें. रिपब्लिकन लोक टपालाच्या पेटीच्या अधिक जवळ राहतात कीं काय, अशी शंका त्यांनीं विचारली. ती थट्टेनें विचारलेली होती; पण सबंध प्रकरणाची किल्ली त्या थट्टेंतच होती.

हिशेब मांडून पाहिला म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. दहा हजार मतदारांचें एक शहर कल्पावें. त्यांतील सहा हजार रूझवेल्ट यांच्या बाजूचे आणि चार हजार लँडन यांच्या बाजूचे आहेत. सर्वांनाच, एकहि न वगळतां, कार्ड पाठविलें. म्हणजे यादीचा दोष उरलाच नाहीं. आतां रूझवेल्टपक्षीयांपैकीं सहांत एकानें कार्ड परत पाठविलें आणि लँडनपक्षीयांपैकीं तिघांत एकानें पाठविलें असें समजूं. पहिल्या बाजूचीं हजार कार्डें येतील, दुसऱ्या बाजूचीं एक हजार तीनशें तेहतीस येतील. मोजणाऱ्याला लँडन शेंकडा ५७ या प्रमाणांत विजयी दिसतील. कोणी खोटें बोललें नाहीं, कोणाचें मत बदललें नाहीं, एकहि कार्ड हरवलें नाहीं. आणि दोन हजारांवर उत्तरें हातांत असूनहि अल्पसंख्य पक्ष बहुसंख्य ठरला. हेंच शहर दहा हजारांऐवजीं दहा कोटींचें केलें तरी प्रमाण तेंच राहील, शेंकडा ५७. फक्त निकाल अधिक भरभक्कम वाटेल.

एका बाजूचे लोक दुप्पट उत्साहानें उत्तर कां देतात, याला गूढ कारण शोधण्याची गरज नाहीं. सत्तेवर असलेल्या पक्षाबद्दल ज्याच्या मनांत जळजळ आहे, तो पेन हातीं घेण्यास उत्सुक असतो. ज्याचें बरें चाललें आहे तो कार्ड बाजूस ठेवून कामास लागतो. शिवाय लिहिण्यावाचण्याचा सराव असलेल्या घरांत पत्राला उत्तर जातें, इतरत्र तें बहुधा रद्दींत जातें. अर्थात् हा तर्क झाला. सुदैवानें त्याची परीक्षा पाहण्यासारखी सामग्री उपलब्ध आहे. १९३७ च्या मे महिन्यांत गॅलप यांच्या संस्थेनें आपल्या एका पाहणींत लोकांना विचारलें होतें: ‘डायजेस्ट’चें कार्ड तुम्हांस आलें होतें काय, तें तुम्हीं परत पाठविलें काय, आणि मत कोणास दिलें? हीं उत्तरें कित्येक वर्षें दप्तरांत पडून होतीं. पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकानें तीं १९८८ सालीं बाहेर काढलीं. ज्यांच्यापाशीं टेलिफोन आणि मोटार दोन्ही होतीं त्यांच्यांतहि रूझवेल्ट यांचेच मतदार अधिक होते, शेंकडा ५५. ज्यांना कार्ड मिळालें होतें पण ज्यांनीं तें परत केलें नाहीं, त्यांच्यांत रूझवेल्टपक्षीय शेंकडा ६९ होते. ज्यांनीं परत केलें त्यांच्यांत ते शेंकडा ४८ वर आले. म्हणजे केवळ याद्यांचा दोष असता आणि कार्ड मिळालेल्या प्रत्येकानें उत्तर दिलें असतें, तर ‘डायजेस्ट’ला रूझवेल्ट यांचा विजय, प्रमाणानें कमी का होईना, दिसला असता. पराभव घडविला तो न आलेल्या पाऊण कोटि कार्डांनीं. निवडणुकीनंतर सहा महिन्यांनीं सांगितलेली आठवण कितपत खरी धरावी, हा आक्षेप येथें घेतां येतो, आणि तो रास्त आहे. परंतु शिकागोचा पुरावा तीच दिशा दाखवितो.

आतां मुख्य प्रश्न येतो: चोवीस लाखांच्या साक्षीपेक्षां हजार लोकांची साक्ष अधिक विश्वसनीय कशी असूं शकेल? ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण घराघरांत चालते. स्वयंपाकीण पातेल्यांतलें एक-दोन शितें बोटांनीं चेपून पाहते, सगळें पातेलें खाऊन पाहत नाहीं. पातेलें चार माणसांचें असो कीं लग्नाच्या पंगतीचें असो, शितांची संख्या ती वाढवीत नाहीं. मात्र डाव खालपर्यंत घालून भात वरखालीं केल्याशिवाय ती शीत उचलीत नाहीं, आणि झांकणाला आपण होऊन चिकटलेल्या शितांवर तर ती मुळींच विसंबत नाहीं. झांकणाला चिकटलेलीं शितें ओंजळभर गोळा केलीं तरी तळचा भात शिजला कीं नाहीं हें तीं सांगणार नाहींत. ‘डायजेस्ट’नें गोळा केलीं तीं झांकणावरचीं शितें.

संख्याशास्त्राच्या भाषेंत हाच विचार असा मांडतात. नमुन्यावरून काढलेल्या अंदाजांत दोन प्रकारच्या चुका असतात. पहिली योगायोगाची. चिठ्ठ्या टाकून हजार मतदार निवडले, तर त्यांत एका पक्षाचे थोडे अधिक किंवा थोडे उणे येणें हा नशिबाचा खेळ आहे. पण या खेळाला मर्यादा आहे आणि ती आधीं गणितानें काढतां येते. हजार माणसांच्या अशा नमुन्यांत ती चूक वीसांपैकीं एकोणीस वेळां शेंकडा ३ च्या आंत राहते. ती निम्म्यावर आणावयाची तर नमुना दुप्पट करून भागत नाहीं, चौपट करावा लागतो. चोवीस लाखांचा नमुना चिठ्ठ्या टाकून निवडला असता, तर ही चूक शेंकडा एकाच्या पंधराव्या हिश्शाहूनहि कमी भरली असती. दुसरी चूक कलाची; नमुन्यांत कोण यावें हें ज्या रीतीनें ठरतें, त्या रीतींतच ती भरलेली असते. नमुना कितीहि वाढविला तरी ती तसूभरहि हालत नाहीं. पहिली चूक लहान होतां होतां नाहींशी होते आणि दुसरीच काय ती शिल्लक राहते, तेव्हां मोठा नमुना चुकीच्या उत्तराबद्दलची खात्री तेवढी वाढवितो.

‘डायजेस्ट’ची चूक किती मोठी होती, हें मोजण्याची एक मौजेची रीत आहे. दोघां उमेदवारांचींच मतें धरलीं, तर रूझवेल्ट यांचा खरा वांटा शेंकडा साडेबासष्ट होता आणि ‘डायजेस्ट’ला तो त्रेचाळीस दिसला. म्हणजे फरक साडेएकोणीस. चिठ्ठ्या टाकून किती मतदार निवडले असतां एवढी चूक सामान्यतः होईल? गणित करून पाहिलें तर उत्तर येतें, सहा. एक कोटि कार्डें, तीं पाठविण्याचा सारा डाकखर्च, आणि शेकडों कारकुनांची मेहनत यांची किंमत, चिठ्ठींतून निघालेल्या सहा माणसांना विचारण्याइतकी!

हा दोष आधीं ओळखतां आला असता काय? एक खूण तर डोळ्यांसमोरच होती: चार कार्डांपैकीं तीन परत आलीं नव्हतीं. ज्या चाचणींत गप्प बसणारे बोलणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक, तेथें गप्प बसणारे कोण आहेत हें कळल्यावांचून बोलणाऱ्यांवर विसंबतां येत नाहीं. दुसरी खूण याहूनहि चमत्कारिक आहे. ‘डायजेस्ट’च्या कार्डावर आणखी एक प्रश्न होता: १९३२ सालीं आपण मत कोणास दिलें होतें? त्या वर्षाचा खरा निकाल सर्वांस ठाऊक होता. उत्तर पाठविणाऱ्यांत १९३२ च्या रिपब्लिकन मतदारांचें प्रमाण खऱ्या निकालापेक्षां बरेंच अधिक आहे, हें ताळा करून पाहिलें असतें तर तत्काळ दिसलें असतें. २०१७ सालीं शॅरॉन लोर आणि मायकेल ब्रिक या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं ‘डायजेस्ट’नें छापलेल्या आंकड्यांवरूनच हा ताळा केला. १९३२ चें प्रमाण खऱ्या निकालाशीं जुळवून घेतांच १९३६ चा विजय रूझवेल्ट यांच्याकडे गेला. त्यांच्या विजयाचा आंकडा मात्र तरीहि खऱ्यापेक्षां कमीच भरला. कारण एकाच जुन्या मताच्या दोघांपैकीं उत्तर धाडणारा आणि न धाडणारा हे सारखे असतातच असें नाहीं. आंकडे जसेच्या तसे छापण्याचा जो अभिमान, तोच ‘डायजेस्ट’ला नडला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या प्रकरणांत गॅलप यांना सर्व श्रेय देण्याची प्रथा पडली आहे. तिलाहि थोडी मुरड घातली पाहिजे. त्यांचा सुमारें पन्नास हजारांचा नमुना चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके शेतकरी, इतके अमुक उत्पन्नाचे, असा ठराविक वांटा त्यांच्या प्रश्नकर्त्यांस नेमून दिलेला असे. त्या वांट्यांत कोणत्या माणसास गांठावें हें प्रश्नकर्त्याच्या मर्जीवर असे. आणि प्रश्नकर्ता हाहि माणूसच. नीटनेटक्या वस्तींतील, दार उघडून बोलणाऱ्या माणसाकडे तो आधीं वळणार. गॅलप यांनीं विजयी उमेदवार बरोबर सांगितला, पण रूझवेल्ट यांना त्यांनीं शेंकडा ५६ च्या आसपास मतें दिलीं होतीं, म्हणजे पांच अंशांची चूक होतीच, आणि तीहि रिपब्लिकनांच्याच बाजूस झुकलेली. रूझवेल्ट यांचा विजय प्रचंड होता म्हणून ती खपून गेली. १९४८ सालीं ट्रुमन आणि ड्यूई यांची लढत अटीतटीची झाली. गॅलप यांच्या शेवटच्या आंकड्यांत ड्यूई पांच अंशांनीं पुढें होते; प्रत्यक्षांत ट्रुमन जवळजवळ तितक्याच अंशांनीं जिंकले. मतदानाच्या कित्येक दिवस आधींच विचारपूस थांबविली, हेंहि त्या चुकीचें एक कारण होतें. परंतु माणूस निवडण्याचें स्वातंत्र्य प्रश्नकर्त्याच्या हातीं ठेवूं नये, हा आग्रह त्यानंतर बळावला.

त्या आग्रहांतून जी रीत रूढ झाली तींत निवडीचा अधिकार कोणासच उरत नाहीं. देशाचे लहान लहान भाग पाडून त्यांतले कांहीं चिठ्ठीनें काढावयाचे. त्या भागांतील घरांची यादी करून त्यांतलीं कांहीं घरें चिठ्ठीनें काढावयाचीं. घरांतल्या प्रौढ माणसांपैकीं एकाचें नांव पुन्हां चिठ्ठीनें. प्रश्नकर्त्यानें त्याच घरीं जावयाचें, त्याच माणसास भेटावयाचें, तो घरीं नसला तर शेजाऱ्यास विचारून काम भागवावयाचें नाहीं, दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावयाचें, तिसऱ्यांदा जावयाचें. खर्चाचा आणि कंटाळ्याचा मोठा भाग या पुन्हां जाण्यांतच असतो. आणि ज्यांना तो परवडत नाहीं ते शेजाऱ्यास विचारून परत येतात.

‘लिटररी डायजेस्ट’ १९३७ सालीं विकलें गेलें आणि १९३८ सालीं बंद पडलें. पुढें टेलिफोन जवळजवळ प्रत्येक अमेरिकन घरीं पोंचला. आंकड्यांच्या सोडतीनें क्रमांक निवडून विचारपूस करण्याची सोय झाली, आणि कांहीं दशकें यादीचा प्रश्न बहुतेक सुटल्यासारखा वाटला. परंतु शिकागोचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. वॉशिंग्टन येथील प्यू संशोधन केंद्राच्या टेलिफोन-चाचण्यांत १९९७ सालीं सोडतीनें निवडलेल्या शंभरांपैकीं छत्तीस जण उत्तर देत असत. २०१८ सालीं ते सहांवर आले. निवड सोडतीनें झाली तरी बोलावें कीं न बोलावें हें प्रत्येकजण घरीं बसून स्वतःच ठरवितो, आणि उरलेले चौऱ्याण्णव कोण, याचा शोध अशा प्रत्येक चाचणीला निराळा घ्यावा लागतो.